सवलतीच्या किमतीवरून मूळ किंमत कशी काढावी

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरील एखाद्या दुकानात साडीच्या चिठ्ठीवर ‘२० टक्के सूट देऊन २,८०० रुपये’ एवढेच लिहिलेले असते, तेव्हा मूळ किंमत काढण्यासाठी बहुतेक जण २,८०० चे २० टक्के, म्हणजे ५६० रुपये, त्यात मिळवतात आणि ३,३६० हे उत्तर धरून चालतात. हे उत्तर चूक आहे, कारण सूट मूळ किमतीवर दिलेली असते, उरलेल्या रकमेवर नव्हे.

मूळ किंमत १०० भाग मानली, तर २० भाग सुटीत गेले आणि हातात ८० भाग उरले. हे ८० भाग म्हणजे २,८०० रुपये, म्हणून एक भाग ३५ रुपयांचा आणि १०० भाग ३,५०० रुपयांचे. पडताळा अवश्य घ्यावा: ३,५०० चे २० टक्के ७०० होतात आणि ते वजा केल्यावर बरोबर २,८०० उरतात, ३,३६० मधून २० टक्के वजा केल्यास मात्र २,६८८ च येतात.

‘२० टक्के आणि त्यावर आणखी १० टक्के’ अशी सूट असेल, तर दोन्ही दर मिळवून ३० टक्के धरू नयेत. पहिल्या सुटीनंतर ८० भाग उरतात आणि दुसरी सूट त्या ८० वरच मिळत असल्याने शेवटी ७२ भाग राहतात. त्यामुळे २,५२० रुपये देय असतील, तर त्यांना ७२ ने भागून १०० ने गुणावे, म्हणजे पुन्हा ३,५०० च मिळतात. दुकानदाराने रक्कम पूर्णांकात केली असल्यास उत्तरात एक-दोन रुपयांचा फरक पडू शकतो.