दहा वर्षांआधी नोकरी सोडताय? पेन्शनचे पैसे काढण्यापूर्वी हे बघा

माझा मावसभाऊ लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत सात वर्षे होता. आधी एका ठेकेदाराकडे सव्वाचार वर्षे, मग दुसऱ्याकडे पावणेतीन. वयाच्या एकतिसाव्या वर्षी घरच्या काजूच्या धंद्यासाठी त्याने नोकरी सोडली. पीएफ काढायला तो चिपळूणला एका ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्याकडे गेला, तर त्याने दोन फॉर्म एकदमच भरायला घेतले. भावाने मला फोन केला, "दादा, पेन्शनचे पण निघतायत म्हणतो. काढू ना?" मी त्याला थांबायला सांगितलं. हे दोन फॉर्म म्हणजे दोन वेगळे निर्णय आहेत.

फॉर्म १९ ने पीएफची शिल्लक मिळते. फॉर्म १०सी मात्र कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ चा आहे. मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के या योजनेत जातात, पण हिशोब जास्तीत जास्त १५,००० रुपये पगारावर होतो, म्हणजे महिन्याला १,२५० रुपये.

पहिलं काम, नोकरीची वर्षे मोजा. मेंबर पोर्टलवर `View` मध्ये `Service History` उघडा. सगळे ठेकेदार एकाच यूएएनखाली दिसतात का, आणि प्रत्येकाची नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का, ते पाहा. तारीख राहिली असेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी `Manage` मधल्या `Mark Exit` मधून आपली आपल्याला भरता येते. जुना पीएफ नव्या खात्यात वर्ग करून घ्या, त्यासोबत पेन्शनची सेवाही जोडली जाते. वर्ग केल्यावर नव्या पासबुकात जुन्या पेन्शनची रक्कम दिसत नाही म्हणून बरेच जण घाबरतात. पण पेन्शनमध्ये वर्षे वर्ग होतात, पैसे नाही. पेन्शनचा रकाना पहिल्यापासूनच शून्य असेल तर गोष्ट वेगळी. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा पीएफमध्ये आलेल्या आणि तेव्हा १५,००० पेक्षा जास्त पगार असलेल्याला ही पेन्शन लागूच नाही.

महिन्याच्या पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. त्यात शेवटचे सहा महिने किंवा जास्त असतील तर पूर्ण वर्ष धरतात, त्यामुळे साडेनऊ वर्षांना दहा मानले जाते. नऊ वर्षे चार महिन्यांवर राजीनामा देणार असाल तर दोन महिने थांबलेलं बरं. बिनपगारी दिवस मात्र सेवेतून वजा होतात, म्हणून अगदी काठावर थांबू नका. एकदा दहा झाली की पेन्शनचे पैसे एकरकमी काढता येत नाहीत. पूर्ण पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षी, किंवा पन्नाशीनंतर कमी करून.

आता सात वर्षांचा हिशोब. एकरकमी पैसे पेन्शन योजनेतल्या टेबल डी या तक्त्याप्रमाणे मिळतात. सात वर्षांचा गुणक ७.१३ आहे. १५,००० गुणिले ७.१३ म्हणजे १,०६,९५० रुपये. सात वर्षांत त्याच्या नावाने भरले गेले १,०५,०००. म्हणजे व्याज जवळजवळ नाहीच, आणि सात वर्षांची सेवा पुसली गेली.

दुसरा रस्ता स्कीम सर्टिफिकेटचा. फॉर्म तोच १०सी, पण त्यात पैशांऐवजी सर्टिफिकेट मागायचं. सात वर्षे शिल्लक राहतात. पुढे कुठेही पीएफवाल्या नोकरीत तीन वर्षे केली की दहा झाली. मग अठ्ठावन्नाव्या वर्षी १५,००० गुणिले १० भागिले ७०, म्हणजे महिन्याला सुमारे २,१४३ रुपये, जन्मभर. मागे पत्नीला त्याच्या निम्मे, पण १,००० पेक्षा कमी नाही.

माझं मत सांगतो. पुन्हा नोकरी करायचीच नाही असं पक्कं असेल आणि ते लाखभर रुपये सत्तावीस वर्षे हात न लावता ठेवता येणार असतील, तर पैसे काढलेले फायद्याचे. सात टक्क्यांनी ते साडेसहा लाखांवर जातात. पण आमच्याकडे असे पैसे पावसाआधी कौलांवर नाहीतर होडीच्या इंजिनावर जातात, ते मी पाहिलंय. नोकरीत परतण्याची थोडीही शक्यता असेल तर सर्टिफिकेट घ्या.

लगेच ठरत नसेल तर फॉर्म १९ भरून १०सी तसाच ठेवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने पेन्शनचे पैसे काढण्याआधीची थांबण्याची मुदत दोन महिन्यांवरून छत्तीस महिने करायचं ठरवलं, त्यामुळे या पैशांवर तातडीचा खर्च अवलंबून ठेवूच नका.

भावाने पीएफमधून काजू भाजण्याची शेड उभी केली आणि सर्टिफिकेटसाठी अर्ज केला. सर्टिफिकेट हातात आल्यावर नाव, जन्मतारीख, सेवेचा काळ आणि कुटुंबातली नावं तिथल्या तिथे तपासा. दोन ठेकेदारांपैकी एकाचीच वर्षे धरली असतील तर ती चूक इथेच दिसते. नवी नोकरी लागली की फॉर्म ११ मध्ये सर्टिफिकेटचा नंबर लिहा, तरच जुनी सात वर्षे पुढच्या वर्षांना जोडली जातील.