सॉल्ट अ‍ॅनालिसिसचा तक्ता: शिसं दोन ग्रुपमध्ये का सापडतं

अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलला सॉल्ट अ‍ॅनालिसिस शिकवताना मी पहिला नमुना नेहमी लेड नायट्रेटचाच देते. टेस्ट, ऑब्झर्व्हेशन, इन्फरन्स या तीन रकान्यांमध्ये नेमकं काय लिहायचं, ते या एका सॉल्टवर जितकं नीट कळतं तितकं दुसऱ्या कशावर कळत नाही. कारण ग्रुपच्या तक्त्यात शिसं दोनदा येतं, पहिल्या ग्रुपमध्ये आणि दुसऱ्यातही.

सॉल्ट पांढरं, स्फटिकी. कोरड्या परीक्षानळीत तापवलं की तडतडतं आणि तपकिरी वायू येतो. हा वायू विषारी आहे, म्हणून नळीचं तोंड स्वतःकडे किंवा शेजाऱ्याकडे नको, आणि सोय असेल तर फ्यूम कबर्डमध्येच तापवा. तळाशी उरलेला पदार्थ गरम असताना तांबूस-तपकिरी आणि थंड झाल्यावर पिवळा दिसतो. इन्फरन्समध्ये इथे ‘नायट्रेट असावं, शिसं असावं’ एवढंच लिहायचं. ‘आहे’ हा शब्द कन्फर्मेटरी टेस्टसाठी राखून ठेवा.

मग ओरिजिनल सोल्युशन. सॉल्ट पाण्यात सहज विरघळतं. द्रावण करायला हायड्रोक्लोरिक आम्ल वापरलं, तर पहिल्या ग्रुपचा रीएजंट आधीच पडला आणि तिथेच पांढरा अवक्षेप आला, म्हणून आधी पाणीच. काही मुलं विरघळावं म्हणून नळी तापवतात आणि गरम द्रावणातच विरल HCl घालतात. काहीच दिसत नाही, आणि रकान्यात ‘ग्रुप १ नाही’ असं लिहून मोकळी होतात.

कारण सोपं आहे. लेड क्लोराइड थंड पाण्यात थोडं विरघळतं, १०० मिलिलिटरमध्ये साधारण १ ग्रॅम, आणि उकळत्या पाण्यात त्याच्या तिप्पट. त्यामुळे द्रावण गरम असेल किंवा फारच पातळ असेल, तर अवक्षेप बसत नाही. संहत HCl भरपूर ओतलं तरी तो विरघळून जातो. म्हणून द्रावण नळाखाली थंड करा, विरल HCl थेंबाथेंबाने घाला, आणि नळीची आतली बाजू काचकांडीने घासून पाहा. इतकं करूनही अवक्षेप आला नाही, तर शिसं तसंच पुढे जातं आणि दुसऱ्या ग्रुपमध्ये हायड्रोजन सल्फाइड सोडल्यावर काळा अवक्षेप देतं.

इथे तांब्याशी गल्लत होते, कारण कॉपर सल्फाइडही काळंच. पण तांब्याचं द्रावण निळं किंवा हिरवट असतं, शिशाचं रंगहीन. दोघांत वाटणी करायला काळा अवक्षेप गरम ५० टक्के नायट्रिक आम्लात विरघळवून त्यात विरल सल्फ्युरिक आम्ल आणि थोडं अल्कोहोल घालतात. पांढरा अवक्षेप आला तर शिसं.

सरळ वाटेने गेलेल्या नमुन्याचा तक्ता मी असा लिहून घेते:

| टेस्ट | ऑब्झर्व्हेशन | इन्फरन्स |
|---|---|---|
| थंड ओ.एस. + विरल HCl | पांढरा अवक्षेप | ग्रुप १, Pb²⁺ असावं |
| अवक्षेप पाण्यात उकळला | विरघळला | Pb²⁺ असावं |
| ते गरम द्रावण + KI | पिवळा अवक्षेप. उकळून थंड केल्यावर सोनेरी चकत्या | Pb²⁺ आहे |
| गरम द्रावणाचा दुसरा भाग + K₂CrO₄ | पिवळा अवक्षेप, NaOH मध्ये विरघळतो | Pb²⁺ आहे |

क्रोमेटच्या ओळीतला दुसरा अर्धा भाग गाळू नका. क्रोमेटने बेरियमही पिवळा अवक्षेप देतं, पण तो सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळत नाही. KI चं प्रमाणही जपा, जास्त ओतलं तर पिवळा अवक्षेप पुन्हा विरघळतो आणि सोनेरी चकत्या दिसतच नाहीत.

नायट्रेटची रिंग टेस्ट या सॉल्टवर थेट ओ.एस. घेऊन केली, तर फेरस सल्फेट घालताच लेड सल्फेटचा पांढरा गढूळपणा येतो आणि तपकिरी रिंग नीट दिसत नाही. त्यासाठी सोडियम कार्बोनेट एक्स्ट्रॅक्ट करा: सॉल्ट आणि सोडियम कार्बोनेट पाण्यात उकळून गाळलं की शिसं कार्बोनेटच्या रूपात गाळणीवर राहतं. गाळलेल्या द्रावणात फसफस थांबेपर्यंत विरल सल्फ्युरिक आम्ल घाला, मग ताजं फेरस सल्फेट, आणि शेवटी नळी तिरपी धरून तिच्या कडेने संहत सल्फ्युरिक आम्ल सोडा. हलवायचं नाही. तक्त्यात ‘एक्स्ट्रॅक्ट वापरला’ हे टेस्टच्या रकान्यात लिहा. एक्स्टर्नल ‘का’ असं विचारतात, आणि उत्तर म्हणून पांढऱ्या गढूळपणाचं कारण सांगता आलं पाहिजे.

शिशाच्या नळ्या सिंकमध्ये रिकाम्या करू नका. त्यांच्यासाठी वेगळी बाटली मागून घ्या, आणि प्रॅक्टिकल संपल्यावर डब्याला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा.