बायोडाटाच्या फोटोत विरळ भुवई भरण्याआधीची तयारी

दारव्हा-दिग्रसकडच्या गावातल्या स्टुडिओत लग्नसराईच्या तोंडावर येणारं हे नेहमीचं काम. मुलीच्या डाव्या भुवईचं बाहेरचं टोक लहानपणीच्या जखमेमुळे विरळ आहे, उजवी भुवई भरलेली आहे, आणि स्थळासाठीच्या फोटोत दोन्ही सारख्या दिसायला हव्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे फाइल. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून येणार असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. साधा फोटो म्हणून आला की तो दाबला जातो, भुवईचे केस चिकटून नुसता करडा पट्टा उरतो, आणि कोणत्या दिशेला केस काढायचे हेच कळत नाही. चेहऱ्याची रुंदी 1500 पिक्सेलच्या आसपास असेल तर भुवई साधारण 480 पिक्सेल लांब मिळते आणि केस सुटे दिसतात. भुवई शंभर पिक्सेलचीच असेल तर केस काढत बसू नका, तिथे फक्त हलकी सावली भरता येते. त्याच वेळी मुलीलाच विचारून घ्या, जखमेची खूण ठेवायची की झाकायची. फोटो सरकारी ओळखपत्रासाठी असेल तर भुवईला हात लावायचा नाही.

फोटोशॉपमध्ये मूळ लेयर Ctrl+J ने दुहेरी करा, आणि केसांसाठी वर एक रिकामा लेयर ठेवा. मान कललेली असते, म्हणून दोन्ही बाहुल्यांच्या मध्यातून एक रेघ आखून घ्या. उंची मोजायची ती या रेघेपासून, फोटोच्या कडेपासून नाही. टिकलीला मध्य मानू नका, ती बरेचदा थोडी बाजूला लागलेली असते.

आता लांबी. चेहरा जरा वळलेला असला तर लांबची भुवई आखूडच दिसते. दोन्ही डोळ्यांची कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लांबी मोजा. समजा, जवळचा उजवा डोळा 310 पिक्सेल आणि लांबचा डावा 280 भरला, तर प्रमाण साधारण 90 टक्के झालं. म्हणजे उजवी भुवई 480 असेल तर डावी 430च्या आसपास थांबायला हवी. इथेच बहुतेक चुकतात. पूर्ण 480 लांबीची भुवई बसवली की तिचं टोक कानशिलाकडे घसरतं आणि चेहरा वाकडा वाटतो.

आकारासाठी उजव्या भुवईची नक्कल करून Flip Horizontal करा, रुंदी 90 टक्के करा आणि डाव्या भुवईवर ठेवून तिची पारदर्शकता 30 टक्क्यांवर आणा. पण ही नक्कल फक्त छापा म्हणून वापरायची, काम झालं की काढून टाकायची. तीच ठेवली तर दोन गोष्टी बिघडतात. खिडकीचा उजेड एका बाजूने आलेला असताना उलटवलेल्या भुवईवर चमक भलत्याच बाजूला दिसते. शिवाय एखादा वाकडा केस दोन्हीकडे हुबेहूब तसाच दिसला की फोटो बनवलेला आहे हे चटकन लक्षात येतं.

रंग काळा घेऊ नका. त्याच भुवईतून तीन छटा उचला, एक गडद, एक मधली, एक कडेची तपकिरी. ब्रश 2 ते 3 पिक्सेलचा, कडक कडेचा. पेन टॅबलेट नसेल तर पेन टूलने केसाची रेघ आखा आणि Stroke Path मध्ये Simulate Pressure लावा. त्याआधी ब्रशच्या Shape Dynamics मध्ये Size चं Control हे Pen Pressure वर असायला हवं, नाहीतर रेघ टोकापर्यंत एकाच जाडीची येते. या पद्धतीत मुळाकडचं टोकही निमुळतं होतं, म्हणून मूळ शेजारच्या केसांत दडेल असं ठेवा.

केसांची दिशा ठरवल्याशिवाय पहिली रेघ ओढू नका. नाकाकडचे केस जवळजवळ सरळ वर उभे असतात. पुढे ते कानशिलाकडे कलतात. वरच्या कडेचे केस किंचित खाली येतात, खालच्या कडेचे वर जातात आणि मधल्या रेषेवर एकमेकांना भेटतात. सगळे केस एकाच दिशेने ओढले की भुवई कंगव्याच्या दातांसारखी दिसते. टोकाकडे केस आखूड आणि कमी करत जा. खालची कडही थोडी विस्कळीत राहू द्या, अगदी नुकती कोरलेली असली तरी.

शेवटी केसांचा लेयर 0.3 ते 0.5 पिक्सेल ब्लर करा आणि मूळ फोटोत दाणे असतील तेवढाच नॉइज द्या, नाहीतर नवे केस चेहऱ्यावर चिकटवल्यासारखे वाटतात. मग Image मेनूतल्या Image Rotation मधून Flip Canvas Horizontal करून बघा. उलट्या चेहऱ्यात वरखालीचा फरक लगेच डोळ्यात भरतो. लाइटचा भरवसा नसतो, म्हणून प्रत्येक टप्प्याला पीएसडी सेव्ह करा, आणि चार बाय सहाची एक प्रिंट काढून हातभर अंतरावरून बघितल्याशिवाय लेयर एकत्र करू नका.