कमरेच्या एमआरआयमध्ये ‘डिस्क बल्ज’ दिसला? रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

कमरेच्या एमआरआयचा रिपोर्ट हातात पडला की बहुतेक जण डॉक्टरांची वेळ मिळायच्या आधीच तो वाचून काढतात. घरी येईपर्यंत ‘मणक्यात गॅप आलाय’, ‘गादी सरकलीय’ असं ठरूनही गेलेलं असतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. रिपोर्टचा कागद घाबरून पुढे करणारी माणसं मला रोज भेटतात, आणि त्यातल्या बहुतेकांची भीती कागदावरच्या शब्दांपेक्षा ते वाचण्याच्या पद्धतीतून आलेली असते.

नेहमी दिसतो तसा एक नमुना घेऊ. वय ४३, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत लेथवर उभं राहून काम. रिपोर्टमध्ये लिहिलंय: एल३-एल४, एल४-एल५ आणि एल५-एस१ या तिन्ही ठिकाणी डिस्क डेसिकेशन. एल४-एल५ला डिफ्यूज बल्ज, थेकल सॅकवर इंडेंटेशन. एल५-एस१ला उजव्या बाजूला पॅरासेंट्रल प्रोट्रूजन, उजव्या एस१ नसेला स्पर्श. शिवाय ‘लॉस ऑफ लम्बर लॉर्डोसिस’. एल४-एल५ म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली जागा, एल५-एस१ म्हणजे पाचवा मणका आणि त्याखालचं त्रिकास्थी यांच्यामधली.

पहिली चूक: प्रत्येक ओळ म्हणजे एक आजार समजणं

या रिपोर्टमध्ये पाच बिघाड मोजणारा माणूस खचणारच. पण डेसिकेशन म्हणजे मणक्यांमधल्या गादीतलं पाणी कमी होणं. त्यामुळे ती स्कॅनमध्ये काळपट दिसते आणि तिची उंचीही थोडी घटते. म्हणजे मणके एकमेकांपासून लांब गेलेले नसतात, उलट थोडे जवळ आलेले असतात. बल्ज म्हणजे गादीची कड मणक्याच्या कडेबाहेर सगळीकडून थोडी फुगणं. प्रोट्रूजन म्हणजे एकाच जागी, इथे मधल्या रेषेच्या जरा उजवीकडे, गादी बाहेर येणं. थेकल सॅकवरचं इंडेंटेशन म्हणजे नसांभोवतीच्या पिशवीला समोरून थोडा दाब. पिशवीत मोकळी जागा असेल तर एवढ्या दाबाने नसांना काही होत नाही. लॉर्डोसिस म्हणजे कमरेचा नैसर्गिक बाक, आणि तो कमी दिसणं हे पुष्कळदा आखडलेल्या स्नायूंमुळे किंवा मशिनमध्ये पाय उचलून झोपवल्यामुळे असतं.

हे सगळं दुखणं नसलेल्या माणसांतही सापडतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात कमरेचा काहीच त्रास नसलेल्या ३,११० लोकांचे स्कॅन एकत्र पाहिले होते. त्यातल्या चाळिशीच्या लोकांमध्ये गादीची झीज सुमारे ६८ टक्क्यांना आणि बल्ज ५० टक्क्यांना होता. विशीतही बल्ज ३० टक्के निघाला. म्हणजे रंकाळ्यावर सकाळी व्यवस्थित चालणाऱ्या चाळिशीतल्या माणसांना स्कॅनमध्ये घातलं, तर साधारण निम्म्यांच्या कागदावर हा शब्द येईल.

दुसरी चूक: रिपोर्ट शरीराशी न जुळवता वाचणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कोणत्या मणक्याजवळ, कोणत्या बाजूला आणि कोणती नस, एवढंच आधी शोधायचं. मग दुखणं त्याच वाटेने जातंय का ते पाहायचं.

एस१ नसेची वाट ठरलेली आहे: नितंबातून मांडीच्या आणि पोटरीच्या मागून उतरून पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीकडे. ही नस अशक्त झाली तर चवड्यावर उभं राहायला त्रास होतो. तिच्या वरची एल५ नस मांडीच्या आणि नडगीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या भागावर आणि अंगठ्याकडे येते. ती अशक्त झाली तर अंगठा वर उचलत नाही, टाचेवर चालता येत नाही.

आता आपल्या लेथवाल्याकडे वळू. त्याची कळ उजव्या पोटरीतून करंगळीपर्यंत जाते, खोकलं-शिंकलं की वाढते. भिंतीला हात टेकून एका पायावर चवडा उचलायला सांगितलं, तर डाव्याने दहा वेळा सहज होतं आणि उजव्याने चौथ्या वेळेला टाच खाली बसते. आडवं झोपवून गुडघा सरळ ठेवत उजवा पाय उचलला, तर साधारण ४० अंशांवर तीच कळ येते. इथे रिपोर्टमधलं एल५-एस१चं वाक्य नेमकं जुळलं. बाकीच्या वाक्यांचा या दुखण्याशी संबंध नसण्याचीच शक्यता जास्त.

हाच रिपोर्ट दुसऱ्या माणसाच्या हातात द्या. त्याला फक्त कमरेत, तेही डावीकडे, संध्याकाळी दुखतं. पायात काही नाही, चवडा-टाच दोन्ही ठीक. त्याच्या बाबतीत उजव्या नसेला लागलेली गादी त्या दुखण्याचं कारण ठरत नाही. दोघांचा कागद एकच असला तरी उपचार वेगळे.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना फाइलसोबत एक गोष्ट न्या: साध्या कागदावर शरीराची आकृती काढून दुखतं, मुंग्या येतात, बधिर वाटतं त्या जागा रंगवा.

तिसरी चूक: झोपून राहणं आणि वाकणं कायमचं सोडणं

‘आता आयुष्यभर वजन उचलायचं नाही’ हे घरातलेच लोक सांगतात. प्रेमापोटी सांगतात, पण नुकसान करतात. तीव्र कळ असेल तर एक-दोन दिवस आराम चालेल. त्यापुढे अंथरुणात राहिलं की स्नायू ढिले पडतात आणि उठणं आणखी अवघड होतं. पट्टाही दिवसभर बांधून ठेवायची गोष्ट नव्हे. कामाच्या कठीण तासापुरता वापरला तर ठीक.

लेथवाल्याला मी काम सोडायला सांगणार नाही. अर्ध्या-पाऊण तासाने मशिनपासून चार पावलं चालायचं, एक पाय छोट्या ठोकळ्यावर आलटून पालटून ठेवायचा, जड जॉब पहिले काही आठवडे दोघांनी उचलायचा. मोटारसायकल खड्ड्यांच्या रस्त्यावर सलग लांब नको, जवळच्या अंतराला हरकत नाही. चालणं दहा मिनिटांपासून सुरू करून वाढवायचं. तालमीत जाऊन कंबर ‘मोडून’ घेणं मात्र टाळायचं, विशेषतः पायात बधिरपणा असताना.

व्यायाम योग्य चाललाय का हे कळायला एक खूण आहे. कळ पायातून वर सरकत कमरेकडे यायला लागली तर ते चांगलं लक्षण, मग कमरेत थोडं जास्त दुखलं तरी चालेल. उलट ती पायात खाली खाली उतरायला लागली, तर तो व्यायाम थांबवून दाखवून घ्यायचं. पायातली अशी कळ बहुतेकांची सहा ते बारा आठवड्यांत बरीच कमी होते. बाहेर आलेली गादी अनेकदा शरीर स्वतःच शोषून घेतं, आणि मोठा तुकडा असला तर ही शक्यता जास्तच असते.

चौथी चूक: थांबू नये तिथे थांबणं

लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, जांघेत आणि गुदद्वाराभोवती बधिर होणं, दोन्ही पायांतली ताकद कमी होणं. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी सीपीआरसारख्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. नसांच्या जुडग्यावरचा हा दाब काही तासांत सोडवावा लागू शकतो. पाऊल लटकं पडू लागलं किंवा चवड्याची ताकद दिवसेंदिवस घटत असेल, तर तेही लगेच दाखवा. ताप, विनाकारण घटणारं वजन, पूर्वीचा कर्करोग किंवा जोरात पडल्यानंतरची कंबरदुखी यांनाही ‘बल्जच आहे’ म्हणून घरी ठेवू नका.

शस्त्रक्रियेचा विचार होतो तो अशा वेळी, किंवा रिपोर्टशी जुळणारी पायातली कळ आठवडेच्या आठवडे उपचार करूनही हटत नसेल तेव्हा. नुसत्या झिजेसाठी ती नसते. बरं वाटत असताना ‘बल्ज गेला का’ हे पाहायला पुन्हा एमआरआय काढण्याचीही गरज नसते. त्रास गेला तरी बल्ज स्कॅनमध्ये तसाच दिसू शकतो. दुसरा स्कॅन लागतो तो अशक्तपणा वाढला, दुखण्याची वाट बदलली किंवा शस्त्रक्रिया ठरली तर.