मुलाच्या चित्रावरून गोष्ट लिहिताय? या चुका टाळा

मुलांच्या चित्रांवरून गोष्टी लिहिणाऱ्या आमच्या गटाकडे पालक चित्राचा फोटो पाठवतात आणि सोबत एक अक्षर लिहीत नाहीत. नवे लिहिणारे मग लगेच चित्रामागचा अर्थ शोधायला बसतात. मला सगळ्यात जास्त खटकते ती हीच चूक.

मध्यंतरी आमच्या गटाकडे एक चित्र आलं. मधोमध घर, त्याच्या भिंतीतून आतला पंखा दिसतोय, शेजारी हातात हात घेतलेली तीन माणसं आणि पार उजव्या कडेला एक इटुकला मुलगा. नव्या लेखिकेने घाईघाईत गोष्ट लिहून टाकली: घरात कुणी विचारत नाही म्हणून रुसून बसलेला मुलगा. आई वाचून हादरली. चित्र काढणाऱ्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "तो दादू आहे. जागाच नव्हती!"

फोटो मोठा करून पाहिला असता तरी हे कळलं असतं. दादूचा एक हात कागदाच्या कडेपाशी आखूड झाला होता आणि त्याचे पाय गवताच्या हिरव्या खडूवरून गिरवलेले होते. म्हणजे तो शेवटी काढलेला. लहान मुलं सहसा जागेचा हिशोब करून चित्र काढत नाहीत. भिंतीतून आतलं दिसणंही नेहमीचंच. एका चित्रावरून घरातलं दुःख ओळखायला जाऊ नये.

मी आधी फक्त दिसतं ते कागदावर उतरवते. मग मुलाने सर्वात जास्त वेळ कुठे घातलाय ते शोधते. इथे तो पंख्यावर होता: प्रत्येक पातं वेगळ्या रंगाचं, खडू दाबून दाबून भरलेलं. गोष्ट तिथूनच सुरू करायची. पंखा लागतो, रंग घरभर उडतात, सगळे रंग पकडायला बाहेर येतात आणि दादू धावत येऊन रांगेत शिरतो. नवी गोष्ट अशीच लिहिली आणि मुलीने ती पुन्हा पुन्हा वाचायला लावली.

दुसरी चूक म्हणजे न कळलेल्या आकाराला ठोकून नाव देणं. तुम्ही कुत्रा म्हणता, ती गाडी निघते आणि मूल तिथेच ऐकायचं थांबतं. मी "ते तपकिरी गोलगोल" असंच लिहिते आणि त्याला घरंगळायला लावते. नाव मूलच सांगतं.

बाकी, फोटो आडवा आलाय का ते आधी बघा. निळा घोडा निळाच ठेवा. डोक्यातूनच हातपाय फुटलेली माणसं असतील तर मूल बहुधा तीन-चार वर्षांचं असतं; तिथे शंभर-दीडशे शब्द पुरे. आणि शेवटी "म्हणून आईचं ऐकावं" चिकटवू नका, चित्रात ते कुठेही नसतं.