एन५चे शब्द चित्रांनी पाठ करताय? या चुका टाळा

जपानीच्या एन५ परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या वह्यांत हल्ली शब्द कमी आणि चित्रं जास्त दिसतात. परक्या शब्दासारखा वाजणारा एखादा मराठी शब्द शोधायचा आणि अर्थाशी त्याची गाठ घालणारं विचित्र चित्र मनात उभं करायचं, अशी ही पद्धत. 'कुत्सु' म्हणजे बूट, म्हणून बूट पळवणारा कुत्रा. स्टॅनफर्डच्या रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांनी सहकाऱ्यासोबत १९७५ साली ती रशियन शब्दांवर तपासली होती आणि ती चालते. माझी तक्रार तिच्यावर नाही, तिला जादू समजणाऱ्यांवर आहे.

किरकोळ चूक आधी सांगते. कुत्रा एका बाजूला आणि बूट दुसऱ्या बाजूला, असं चित्र काही कामाचं नाही. कुत्र्याने बुटाचं काहीतरी करायला हवं. आणि रील्समधली तयार चित्रं उचलू नका, ती दुसऱ्याच्या डोक्यातली असतात.

आता खरं दुखणं. मराठी शब्द जपानी शब्दाच्या जवळ जातो, पण त्याची लांबी पकडत नाही. मराठीत 'ओ' लांबवला तरी शब्द बदलत नाही, त्यामुळे आपल्या कानाला तो फरक जाणवतच नाही. आमच्या वर्गातल्या एका हुशार मुलाने 'ब्योओइन', म्हणजे इस्पितळ, यासाठी 'बायको इन' असं चित्र केलं होतं: बायको इस्पितळात दाखल. शब्द पक्का बसला, स्वारी खूश. मग सराव परीक्षेत मी मुद्दाम एक वाक्य ऐकवलं, "क्योओ वा बियोओइन ए इकिमाशिता." बियोओइन म्हणजे ब्यूटी पार्लर. त्याने बेधडक इस्पितळावर खूण केली. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, बायको दोन्हीकडे जाते ना!" वर्ग हसला. पण त्याचं म्हणणं बरोबर होतं, चित्र दोन्ही शब्दांना चपखल बसत होतं.

लेखी पेपरातही हेच होतं. शाळा म्हणजे 'गाक्कोओ'. त्यासाठी कुणी शाळेच्या गच्चीवर कोकरू उभं करतं. पेपरात कांजी देऊन उच्चार विचारतात आणि पर्याय असतात गाको, गाकोओ, गाक्को, गाक्कोओ अशा धाटणीचे. कोकरू चारही पर्यायांवर सारखंच उभं राहतं. 'ओबासान' मावशी आणि 'ओबाआसान' आजी, तिथेही तीच गत.

माझी सवय अशी आहे: चित्र झालं की शब्द बाकावर बोटांनी वाजवायचा. ब्यो-ओ-इ-न चार ठोके, बि-यो-ओ-इ-न पाच. गा-क्-को-ओ चार. मग लगेच हिरागानात लिहायचा. रोमन लिपीत लिहिणाऱ्यांना मी ओरडते, कारण तिथे लांबी हमखास गळते. हे कंटाळवाणं आहे आणि नेमकं हेच टाळण्यासाठी मुलं चित्रांकडे धावतात.

क्रियापदांशी ही पद्धत आणखी लवकर थकते. 'काबुरु' म्हणजे घालणे, म्हणून कबुतर आठवलं, आणि एकीने लिहिलं 'कुत्सु ओ काबुरु'. म्हणजे बूट डोक्यावर! काबुरु फक्त डोक्यावर घालायच्या वस्तूंना चालतं, बुटांना 'हाकु' लागतं. तेव्हा कबुतर टोपीवरच बसवा आणि 'बोओशी ओ काबुरु' असं जोडीनेच पाठ करा. 'किरु' तर नेसणेही आहे आणि कापणेही. पुढे रूप बदललं की एकाचं 'किते' होतं, दुसऱ्याचं 'कित्ते'. इथे चित्र शोधत बसू नका, दोन्ही रूपं मोठ्याने घोका. जोडाक्षराचा फरक आपल्या कानाला सहज कळतो.

'मोओ' (आधीच) आणि 'मादा' (अजून) असल्या शब्दांना, किंवा 'वा', 'नि', 'ए' या प्रत्ययांना चित्र लावणं म्हणजे वेळ घालवणं. त्यांच्यासाठी वाक्यंच लागतात.

शेवटचा मुद्दा वेगाचा. ऐकण्याच्या भागात ध्वनिफीत एकदाच वाजते. 'कुत्सु' ऐकून कुत्रा धावत येईपर्यंत पुढचं वाक्य निघून गेलेलं असतं. म्हणून कुणाला तरी दहा शब्द उलटसुलट क्रमाने बोलायला सांगा. ज्या शब्दाला उत्तर देण्याआधी तुम्ही वर छताकडे बघता, तो शब्द अजून चित्राच्या आधारानेच चालतोय. अशा शब्दांची चिठ्ठी वेगळी काढा आणि ते वाक्यात घालून रोज ऐका, अर्थ चित्राशिवाय यायला लागेपर्यंत. चित्रंही फक्त हट्टी शब्दांनाच द्या. 'नेको' आणि 'इनु' दोनचार वेळा ऐकून बसतात, त्यांच्यासाठी कसलं आलंय चित्र? आणि परीक्षेच्या आठवड्यात एकही नवं चित्र काढू नका, तेवढ्या वेळात ते पुसून मागे नुसता शब्द उरत नाही.