प्रांत, राज्य की नुसता प्रदेश: कोणत्याही देशात हे कसं तपासायचं

इंदूरमध्ये राज्यसेवेच्या मुलांना राज्यशास्त्र शिकवताना एक ठोकताळा मला सतत ऐकावा लागतो: लिखित घटना आणि खाली निवडून आलेली सरकारं दिसली की देश संघराज्य. तो आधी डोक्यातून काढा. फ्रान्समध्ये दोन्ही आहेत, तरी तो एकात्म देश आहे. नावावरही जाऊ नका. प्रांत कॅनडातही आहेत आणि चीनमध्येही.

आधी त्या प्रदेशाचे अधिकार कुठे लिहिलेत ते बघा. घटनेतच वाटून दिले असतील तर संघराज्याकडे झुका, संसदेच्या साध्या कायद्याने दिले असतील तर एकात्म देशाकडे.

मग विचारा, प्रदेशाला न विचारता केंद्र काय काय बदलू शकतं? फ्रान्सने कायदा करून 2016 पासून आपल्या युरोपातल्या 22 प्रदेशांचे 13 केले. अल्सासने विरोध केला, पण त्याची संमती लागतच नव्हती. उलट जर्मनीत 1996 साली बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग एकत्र करायचं दोन्ही सरकारांनी ठरवलं होतं. ब्रांडेनबुर्गच्या मतदारांनी सार्वमतात नकार दिला आणि बेत बारगळला.

इथवर सोपं आहे. हीच कसोटी भारताला लावली की सगळे अडतात, एके काळी मीही अडलो होतो. आपल्याकडे कलम 3 प्रमाणे संसद साध्या बहुमताने राज्याची सीमा बदलते, राज्य मोडतेसुद्धा. विधानसभेचं मत मागवावं लागतं, पाळावं लागत नाही. 2014 मध्ये आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळलं, तरी तेलंगण झालंच. इंदूर-ग्वाल्हेरकरांना तर लांब जायलाच नको: 1948 साली बनलेलं आपलं मध्य भारत राज्य 1956 मध्ये मध्य प्रदेशात विरून गेलं.

म्हणजे भारत फ्रान्ससारखाच? एवढ्यावर उत्तर लिहून मोकळे होऊ नका. राज्याचं अस्तित्व आणि राज्यांचे अधिकार हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. पोलीस आणि जमीन हे विषय सातव्या अनुसूचीच्या राज्यसूचीत आहेत. ती सूची बदलायची तर संसदेच्या विशेष बहुमतावर भागत नाही, किमान निम्म्या राज्यांच्या विधानसभांची मान्यता लागते. म्हणून एखादं राज्य नकाशावरून जाऊ शकतं, पण सगळ्या राज्यांचे अधिकार दिल्ली एकटी काढून घेऊ शकत नाही. राष्ट्रपती राजवट दाखवून कुणी वाद घालेल. ती तात्पुरती असते आणि त्या सूचीला हात लावत नाही.

ब्रिटनमध्ये असं कवच नाही. उत्तर आयर्लंडची संसद 1921 पासून चालू होती. लंडनने ती 1972 मध्ये स्थगित केली आणि पुढच्या वर्षी साध्या कायद्याने रद्द केली. आज स्कॉटलंड शिक्षण, आरोग्यावर स्वतःचे कायदे करतो, पण त्याची संसदही 1998 च्या अशाच एका कायद्यावर उभी आहे.